तेरा नंबरचा पत्ता आणि सतरावा मजला

टॅरो बघायला येणाऱ्यांचे प्रश्न वयाप्रमाणे ठरलेले असतात. पंचविशीच्या आतले "तो परत येईल का" विचारतात, चाळिशीतले "नोकरी सोडू का" विचारतात आणि साठी ओलांडलेले "घर बदलावं का" विचारतात. पहिल्या दोन प्रश्नांना टिश्यूचा डबा लागतो. तिसऱ्याला टेबलावर मोकळी जागा लागते, कारण माणसं पिशवीतून बिल्डरचं ब्रोशर, फ्लॅटचा प्लॅन आणि त्यावर कुणा वास्तुवाल्यानं पेन्सिलीनं मारलेल्या फुल्या असं सगळं बाहेर काढतात. त्यातून जागा उरली तर पत्ते मांडायचे.

आणि या घरवाल्या प्रश्नाला मधोमध डेथ कार्ड निघालं, की टेबलाच्या दोन्ही बाजूंना घाम फुटतो. समोरच्याला कार्ड बघून, मला समोरच्याचा चेहरा बघून.

आमच्या धंद्यात या प्रसंगासाठी एक तयार वाक्य आहे. ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंतचा कुठलाही मराठी रीडर ते झोपेतून उठवलं तरी म्हणेल: "घाबरू नका हं, डेथ कार्ड म्हणजे मृत्यू नाही, ट्रान्सफॉर्मेशन!" वाक्य खोटं नाही. पण ते इतक्या घाईनं आणि इतकं गोड हसून म्हटलं जातं, की रिपोर्ट बघून डॉक्टर अचानक मुलाबाळांची चौकशी करायला लागल्यावर जे वाटतं, तेच समोरच्याला वाटतं. शिवाय ट्रान्सफॉर्मेशन कशाचं, हे विचारायची सोय त्या वाक्यात नाही. माणूस घाबरतच घरी जातो, फक्त आता त्याच्याकडे भीतीला एक इंग्रजी नाव असतं.

नौपाड्यातल्या एका काकूंचं रीडिंग सांगते. लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. अट एकच, "ह्यांना कळता कामा नये." काका रोजचं वर्तमानपत्र निधनवार्तांपासून सुरू करून तिथेच संपवतात, तेव्हा मासिकात लिहायला धोका नाही.

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माळा. लग्नानंतरचा सगळा संसार तिथेच झाला. आता गुडघे दुखतात, भाजीची पिशवी दुसऱ्या मजल्यावर दम खाते आणि काका खाली उतरले की वर यायचं टाळण्यासाठी कट्ट्यावर बसून राहतात. मुलाचं म्हणणं असं, की हे घर विकू, तो त्याचा फ्लॅट विकेल आणि दोन्ही पैसे एकत्र करून घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. सगळे एकत्र राहू. नातू खूश, सून हसतमुख, लिफ्ट दोन. काकूंचा प्रश्न: "मॅडम, जावं का न जावं?"

असा हो-नाहीचा प्रश्न मी पत्त्यांना विचारत नाही. 78 पत्त्यांवर 78 चित्रं आहेत, पण "जा" किंवा "जाऊ नका" असं एकावरही नाही. म्हणून प्रश्न फिरवून घ्यावा लागतो. काकूंसाठी तीन पत्ते घ्यायचे ठरवले: पहिला, आत्ता कुठे उभ्या आहात. दुसरा, अडतंय कुठे. तिसरा, पुढची वाट. या जागा पत्ते उघडण्याआधी मोठ्यानं म्हणायच्या असतात. हे फार महत्त्वाचं आहे. आधी म्हटलं नाही, तर रीडर पत्ता बघून जागेचं नाव बदलतो. वाईट पत्ता आला की म्हणतो, "हा तुमचा भूतकाळ बरं का, गेला तो." ही आमच्यातली रोजची लबाडी आहे आणि ती पकडायला टॅरो यावं लागत नाही.

काकूंनी पत्ते पिसले. मेंढीकोटावर तयार झालेला हात. 78 पत्त्यांचा जाडजूड गठ्ठा त्यांनी असा काही पिसला, की मीच क्षणभर हुकूम कुठला ते विचारणार होते.

पहिला पत्ता फोर ऑफ पेंटॅकल्स. डोक्यावर मुकुट असलेला एक माणूस बसलाय. एक नाणं छातीशी कवटाळलंय, दोन पायांखाली दाबून धरलीत आणि एक डोक्यावर तोलून धरलंय. मागे अख्खं शहर आहे, पण त्याला उठता येत नाही. उठला तर काहीतरी पडणार. काकूंनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पेन्शनच्या दिवशी बँकेतून येतात ना, ते असेच." मला काही समजवावंच लागलं नाही.

दुसरा पत्ता उलटला. काकूंनी पटकन हात जोडले.

"खंडोबा!" त्या म्हणाल्या.

त्यांचं चुकलं नव्हतं. पांढरा घोडा, त्यावर स्वार, समोर पिवळ्याजर्द झग्यातला एक माणूस हात जोडून उभा. भंडाऱ्याचा पिवळा आणि देवाचा पांढरा घोडा एका पत्त्यावर दिसल्यावर मराठी माणसाला दुसरं काय आठवणार? आमचा यमराज रेड्यावरून येतो, तेव्हा घोड्यावरच्याला घाबरायचं कारणच नव्हतं. मग त्यांनी चष्मा लावला. स्वाराच्या चिलखतात सांगाडा आहे हे दिसलं. खाली इंग्रजीत पाच अक्षरं होती, तीही त्यांनी लावली. जोडलेले हात तसेच राहिले, पण आता त्यांचा अर्थ निराळा होता.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. मॅडमची मी एका क्षणात अगंबाई झाले. "ह्यांची गेल्या वर्षीच अँजिओप्लास्टी झालीय गं. हा पत्ता बदलून मिळतो का?"

भाजीवाल्याकडून किडकं वांगं बदलून घेणाऱ्या बाईला पत्ता बदलून मिळत नाही हे सांगणं सोपं नसतं. त्यातून त्यांनी पदराचं टोक पत्त्यावर टाकून तो झाकला होता. झाकलेल्या पत्त्यावर काय बोलणार?

अशा वेळी मी अर्थाला हात घालत नाही. आधी तब्येतीचा विषय टेबलावरून उचलून बाजूला ठेवते. काकूंना सांगितलं, की हृदयाच्या रक्तवाहिन्या या पत्त्यांना दिसत नाहीत, ते बघायला यंत्रं आहेत आणि ती दवाखान्यात असतात. काकांची पुढची तपासणी कधी? "पुढच्या महिन्यात. पण हे टाळताहेत." मग ती टाळू देऊ नका, एवढंच मी त्यावर बोलणार, आणि कुणाच्या मरणाची गोष्ट कुठलाही रीडर पत्ते बघून सांगायला लागला, तर त्या खोलीतून उठायचं. हे स्वच्छ सांगितल्यावर पदर थोडासा सरकला. घोड्याचे दोन पाय दिसू लागले.

मग हिशोब. 78 पत्त्यांतून तीन काढले, तर त्यांत डेथ असण्याची शक्यता 26 मध्ये एक. रोज सकाळी चहाबरोबर तीन पत्ते काढणाऱ्या बाईला हा घोडेस्वार सरासरी महिन्याकाठी एकदा भेटतो. दहा पत्त्यांची मोठी मांडणी केली, तर साधारण दर आठ जणांत एकाच्या वाट्याला तो येतो. म्हणजे हा पत्ता निघालेली माणसं खरोखर जात असती, तर नौपाड्यातली जागेची टंचाई केव्हाच मिटली असती आणि काकूंना तळमजल्यावर ऐसपैस घर मिळालं असतं. काकू हसल्या नाहीत, पण पदर आणखी सरकला.

"आणि मुळात हे पत्ते खेळायचेच होते," मी म्हटलं. हे मी धीर देण्यासाठी सांगते, पण खरंही आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानच्या सरदार-दरकदारांच्या घरी, हे पत्ते कुटायला म्हणून निघाले. नेहमीच्या चार रंगांत जास्तीचे हुकमाचे पत्ते घातले, त्यांत मृत्यू हा एक हुकूम. भविष्य सांगायला टॅरो वापरायची टूम खऱ्या अर्थानं वाढली ती अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. त्याआधी कितीतरी पिढ्या माणसं हा सांगाडा हातात आला की खूश होत असणार, कारण तो भारी पत्ता होता. मार्सेयच्या जुन्या गठ्ठ्यांत बाकी हुकमांखाली नाव छापलेलं असतं, याच्याखाली बहुधा नसतंच. नुसता आकडा, तेरा.

"तेरा?" काकूंनी पदर पूर्ण काढला आणि पत्त्याच्या वरचा रोमन आकडा बोटानं मोजला. "म्हणजे तेरावाच की!"

मला वाटलं, संपलं. इतका वेळ केलेली मशागत वाया गेली. पण काकू पत्त्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तेराव्याला आपल्याकडे गोड करतात."

त्यापुढचं त्यांनीच मला समजावून सांगितलं, आणि कुठल्याही इंग्रजी पुस्तकापेक्षा बरं सांगितलं. माणूस जातो तो दिवस पहिला. दहाव्या-बाराव्याला क्रियाकर्म. तेराव्याला गोडाचं जेवण, नातेवाईक बळेच लाडू वाढतात, सुतक फिटलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर जातो. म्हणजे तेरावा मरणाचा दिवस नाहीच मुळी, घर पुन्हा चालू करायचा दिवस आहे. मी गठ्ठ्यातून चौदा नंबरचा पत्ता शोधून शेजारी ठेवला. टेम्परन्स: पंखवाला देवदूत, एक पाय पाण्यात, या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओततोय. काकू म्हणाल्या, "ही उदकशांत." आणि मग जरा थांबून, "ती नव्या घरातही करतात."

मी गप्प बसले. टॅरो शिकवणारे लोक हजारो रुपये घेऊन हेच सांगतात, की मोठ्या अर्कानाचे 22 पत्ते शून्यापासून 21 पर्यंत एक प्रवास आहे, त्यात मृत्यू तेरावा, त्यानंतर आठ पत्ते अजून बाकी आहेत आणि शेवटचा पत्ता आहे वर्ल्ड, म्हणजे जग. मरण हाच शेवट असता, तर त्याला 21 नंबर दिला असता.

इथवर आल्यावर बरेच रीडर पत्ते गोळा करून फी मागतात. भीती गेली, गिऱ्हाईक हसलं, झालं. मला ते पटत नाही, कारण आपण अजून "घाबरू नका" एवढंच म्हटलेलं असतं. आणि ट्रान्सफॉर्मेशनवाल्यांना थोडं खरंही ऐकवायला हवं. आज आपण सगळे वापरतो ती चित्रं 1909 साली लंडनमध्ये छापली गेली. आर्थर वेट नावाच्या साहेबानं कल्पना सांगितल्या आणि पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईनं चित्रं काढली. या वेटसाहेबानं पत्त्यांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात डेथच्या चित्राबद्दल बोलताना स्थित्यंतराची भाषा आहेच, पण प्रश्नाला उत्तर म्हणून जे अर्थ दिलेत त्यांची सुरुवात अंत, मरण आणि नाश अशी आहे. वर कुमारिकांसाठी लग्न मोडण्याचा इशाराही दिलाय. म्हणजे गोड अर्थ पुस्तकात आहे, फक्त कडू अर्थ गाळून तो एकटाच वाढायचा नाही. काहीतरी संपतं म्हणूनच काहीतरी बदलतं. संपणारी गोष्ट कुठली, हे न सांगता बदल सांगणं म्हणजे जुन्या घराचा व्यवहार न करताच नव्या घराचं टोकन देणं.

मी काकूंना चित्रात उतरवलं. या पत्त्यावर घोड्यापुढे चार माणसं आहेत आणि खरी गंमत त्यांच्यातच आहे. राजा आडवा झालाय, मुकुट बाजूला पडलाय. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एक तरुण मुलगी गुडघ्यांवर बसून तोंड फिरवतेय. आणि एक लहान मूल घोड्याकडे टक लावून बघतंय. येणारा एकच, त्याला सामोरं जायच्या चार तऱ्हा. मी विचारलं, "यातलं तुमच्या घरात कोण कोण आहे?"

राजा सापडायला वेळ लागला नाही. घर विकायचा विषय काढला, की काका गॅलरीत उभे राहून जाहीर करतात, "मी आता या घरातून चौघांच्या खांद्यावरूनच बाहेर पडणार!" तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय चौघांनी खांदा कसा द्यायचा, हा विचार त्यांनी केलेला नाही. तोंड फिरवणारी मुलगी बंगळुरूला आहे. "तुम्ही काय ते ठरवा, मला फक्त सांगू नका," असं फोनवर म्हणते आणि विषय बदलते. तिचं सगळं लहानपण त्या घराच्या खिडकीत गेलंय. मूल म्हणजे नातू. तो ब्रोशरमधला स्विमिंग पूल रोज काढून बघतो आणि आजोबांना पोहायला येतं का, एवढीच त्याला चिंता आहे.

"आणि हा हात जोडणारा?" मी विचारलं.

काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "ती मी." गेल्या वर्षी त्यांनी मुलाला "पितृपक्षात नको" म्हणून थांबवलं. मग दिवाळी आली, मग नातवाची परीक्षा, मग त्या फ्लॅटचं दार दक्षिणेला आहे आणि दक्षिण ही यमाची दिशा असं एका वास्तुवाल्याकडून काढून घेतलं, मग दुसऱ्या वास्तुवाल्यानं त्यावर उपाय दिला तेव्हा काकूच नाराज झाल्या. हात जोडून, गोड बोलून, घोडा थोपवून धरायचा. नाही म्हणायचं नाही आणि होही म्हणायचं नाही.

आता जागा आठवा. पत्ता दुसऱ्या जागेवर पडला होता: अडतंय कुठे. डेथ या जागेवर आला की मी एक प्रश्न विचारते आणि पूर्ण वाक्यात उत्तर मागते. काय संपायला हवंय आणि तुम्ही ते संपू देत नाही आहात?

काकूंनी पहिलं उत्तर दिलं ते माळ्याचं. माळ्यावर तांब्याचा बंब आहे. गॅस गीझर येऊन मुलाची मुंज झाली, त्या मुलाच्या मुलाची मुंज आली तरी बंब तिथेच. चिनी मातीच्या बरण्या आहेत, ज्यांत आता लोणचं घालत नाहीत कारण काकांचा बीपी. झाकणं हरवलेले डबे आहेत आणि डबे हरवलेली झाकणं आहेत, आणि ही दोन्ही कुळं एकमेकांना अनोळखी आहेत. टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट जपलंय. आतला टीव्ही भंगारात जाऊन जमाना झाला. "पण खोकं चांगलं आहे गं," काकू म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी पत्ता हातात घेऊन सहज उलटा धरला आणि विचारलं, असा आला असता तर? वेटसाहेबानं उलट्या डेथचे अर्थ दिलेत: जडपणा, झोप, दगड होऊन पडून राहणं. मी ते वाचून दाखवले. काकू म्हणाल्या, "हा आमचा माळा."

हे उत्तर छान होतं, पण ते खरं उत्तर नव्हतं. इतक्या वर्षांत एवढं कळायला लागलंय, की पहिलं उत्तर नेहमी वस्तूंचं असतं. वस्तूंबद्दल माणूस हसत हसत बोलतो. खरं उत्तर यायच्या आधी तो पाणी मागतो. काकूंनी पाणी मागितलं.

"त्या फ्लॅटला स्वयंपाकघर एकच आहे," त्या म्हणाल्या.

संपलं. पत्ता उलगडला. सून चांगली आहे, भांडण नाही, उलट "आई, तुम्ही आता आराम करा" असं ती मनापासून म्हणते. पण तिच्या ओट्यावर एअर फ्रायर आहे, गहू बंद आहे आणि मोहरी कुठल्या डब्यात ते काकूंना विचारावं लागणार. उभं आयुष्य ज्या ओट्यावर कुणाला न विचारता काढलं, तो ओटा संपणार. काका दगावतील ही भीती वरवरची होती. तिच्या आत ही बसली होती. काकांच्या हृदयाला डॉक्टर आहे. ओटा गेल्यावर कुणाकडे जायचं?

अशा वेळी "ट्रान्सफॉर्मेशन" म्हणणं हा अपमान ठरला असता. मी म्हटलं, "हो, ते संपेल. तुम्ही या फ्लॅटमध्ये या पद्धतीनं गेलात, तर तुमचं स्वयंपाकघर संपेल." काकूंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदा नीट टेकून बसल्या. खरं बोललेलं माणसाला इतकं लागत नाही.

तिसरा पत्ता निघाला सिक्स ऑफ स्वोर्ड्स. एक नावाडी नाव ढकलतोय, नावेत डोकं झाकून बसलेली बाई, शेजारी एक मूल, आणि नावेच्या पुढच्या भागात सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. स्थलांतराचा याच्याइतका सरळ पत्ता अख्ख्या गठ्ठ्यात नाही. बारकाई अशी, की तलवारी नावेतच आहेत. सोडून आलेल्या नाहीत आणि उपटताही येत नाहीत. उपटल्या तर भोकांतून पाणी शिरायचं. काकू म्हणाल्या, "म्हणजे सगळं सामान घेऊनच चाललेत. बंब नेता येईल म्हण की." मी म्हटलं, सगळं नाही, सहाच. कुठल्या सहा, हे तुम्ही ठरवा.

मग त्यांनी डेथ कार्ड पुन्हा उचललं. आता भीती नव्हती, पारखत होत्या. मागे नदी आहे, नदीत होडी, आणि पार टोकाला दोन मनोरे आणि त्यांच्यामध्ये सूर्य. त्यांनी पिशवीतून बिल्डरचं ब्रोशर काढून शेजारी ठेवलं. दोन टॉवर, मधोमध सूर्य, खाली खाडी. "चित्र तेच आहे गं," काकू म्हणाल्या, "फक्त यांनी घोडेवाला काढून टाकलाय." बिल्डरच्या जाहिरातीबद्दल याहून नेमकं मत मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

पण ब्रोशर टेबलावर आलंच होतं, म्हणून मी पत्ते बाजूला केले. टॅरोची हद्द इथे संपते. पत्त्यांत भोगवटा प्रमाणपत्र दिसत नाही, ओसी मिळालं की नाही ते बिल्डरला कागद मागून बघायचं असतं. महारेराचा नोंदणी क्रमांक पत्त्यांत नसतो, तो संकेतस्थळावर टाकून तपासायचा असतो. आणि एक गोष्ट विचारली, ज्यासाठी टॅरो मुळीच लागत नाही: "जुन्या घराचे पैसे तुमचे जाणार. मग नव्या करारनाम्यावर नावं कुणाची?" काकूंना माहीत नव्हतं. "मुलाचंच असेल," म्हणाल्या. मी त्यांना पामेलाबाईंची गोष्ट सांगितली. 78 चित्रं त्यांनी काढली, एकरकमी मानधन घेतलं, गठ्ठ्याला नाव पडलं प्रकाशक रायडर आणि वेटसाहेबांचं, आणि बाईंचं नाव लोक अलीकडे कुठे जोडायला लागलेत. काकू म्हणाल्या, "मुलगा तसा नाही." मी म्हटलं, नसेलच, म्हणून तर नाव घालायला तो नाही म्हणणार नाही.

पुढचं थोडक्यात. घरी जाऊन काकूंनी ओट्याचं मुलाला सांगितलं. त्याला ते सुचलंच नव्हतं. त्याला वाटत होतं आई गुडघ्यांसाठी कुरकुरते. आता त्याच संकुलात तीन बेडरूमऐवजी दोन लहान फ्लॅट बघणं चाललंय, एक मुलाचा आणि एक काका-काकूंचा, पाचव्या मजल्यावर, स्वतःच्या ओट्यासह. काकूंचं नाव करारनाम्यावर पहिलं येणार आहे. काका अजून खांद्यावरूनच जाणार म्हणतात, पण लिफ्ट बघून आलेत आणि ती स्ट्रेचरच्या मापाची आहे असं समाधानानं सांगतात. दार पूर्वेला आहे. बंब एका अँटिकवाल्यानं नेला आणि त्यानं दिलेला भाव ऐकून काकूंना आता सहांत तोच घ्यायला हवा होता असं वाटतंय.

तुमच्या रीडिंगला हा घोडेस्वार आला, तर रीडरला एवढंच विचारा: संपतंय काय? तो नुसतं "ट्रान्सफॉर्मेशन" म्हणाला, तर फी द्या आणि निघा. त्यानं फसवलेलं नाही, फक्त काम अर्धं केलंय. तो आधी घाबरवून मग खडा, पूजा किंवा अंगठीचा भाव सांगायला लागला, तर फी न देताच निघा. आणि दोन्ही वेळा घरी जायच्या आधी बिल्डरकडे ओसीचा कागद मागा. तो पत्त्यांत येत नाही.